दोघांचं कन्फर्म, दोघांचं वेटिंग आणि चार्ट लागला: अशा तिकिटाचे पैसे आपोआप येत नाहीत, मग काय करायचं

आमच्या परभणीत नात्यातल्या निम्म्या लोकांची रेल्वे तिकिटं मीच काढतो. लग्नसराईत आणि दिवाळीत दिवसाला दोन-तीन फोन ठरलेले असतात, आणि त्यातला एक प्रश्न गेली कित्येक वर्षं जसाच्या तसा येतो: "चार्ट लागला. चौघांपैकी दोघांचं झालं, दोघांचं वेटिंगच राहिलं. आता राहिलेल्यांचे पैसे आपोआप खात्यात येतील ना?"

नाही येणार. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोकांचे हक्काचे पैसे बुडतात. आमच्या घरातलेही एकदा बुडाले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोंधळ कुठून सुरू होतो ते आधी बघू. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरचे सगळेच्या सगळे प्रवासी चार्टनंतर वेटिंगवर राहिले, तर तो पीएनआर चार्टमधून गळतो आणि तिकीट आपोआप रद्द होतं. माणशी ६० रुपये क्लर्केज कापून (एसी असेल तर त्यावर जीएसटी) उरलेली रक्कम ज्या खात्यातून भरली तिथे बहुधा आठवडाभरात परत येते. तुम्हाला काहीच करावं लागत नाही. हा अनुभव सगळ्यांना असतो, त्यामुळे "वेटिंगचे पैसे आपोआप येतात" असं डोक्यात पक्कं बसतं.

पण त्याच पीएनआरवर एकाचं जरी कन्फर्म किंवा आरएसी झालं, तर अख्खा पीएनआर चार्टमध्ये जातो. वेटिंगवाल्यांची नावंसुद्धा जातात. त्यांना बर्थ नसतो, पण नाव चार्टमध्ये असल्यामुळे ते गाडीत चढले तर विनातिकीट ठरत नाहीत. आपल्या माणसांच्या बर्थवर दाटीवाटीने बसून जाऊ शकतात. त्यांना जायचा हक्क आहे, म्हणून ते गेले नाहीत हे रेल्वेला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. आपण सांगितलं नाही तर रेल्वेच्या लेखी चौघंही गेले.

हे एकदा नीट समजलं की पुढचे सगळे नियम त्यातून सरळ निघतात.

आता आमच्या घरातला प्रसंग. ताई, दाजी आणि दोन मुलं, अशी चौघांची स्लीपरची तिकिटं एकाच पीएनआरवर काढली होती, परभणी ते मुंबई. हिशेब सोपा जावा म्हणून भाडं माणशी ४०० रुपये धरू, म्हणजे एकूण १,६०० रुपये. चार्ट लागला तेव्हा ताई आणि दाजी कन्फर्म, दोन्ही मुलं वेटिंगवर. दाजींची दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, त्यामुळे ते दोघं गेले आणि मुलांना आमच्याकडे ठेवलं. मुलांचे ८०० रुपये येतील म्हणून आम्ही दहा दिवस वाट पाहिली. मग मी खातं उघडून बघितलं, तर परताव्याची काही नोंदच नव्हती. मुलं आली नाहीत असा कागद त्या गाडीच्या टीटीईकडून कुणी घेतला नव्हता, आणि टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायची मुदत केव्हाच उलटली होती. ते पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून चार्ट लागला की मी पहिला प्रश्न विचारतो: कुणीच जाणार नाही, की काही जण जाणार? पुढची सगळी वाट या उत्तरावर ठरते.

कुणीच जाणार नसेल तर मामला सोपा आहे आणि पैसेही जास्त परत मिळतात. एरवी कन्फर्म तिकिटाला गाडी सुटण्याआधीच्या शेवटच्या तासांत काहीच परत मिळत नाही. पण एकाच तिकिटावर काही कन्फर्म आणि काही वेटिंग किंवा आरएसी असतील, आणि सगळ्यांचा प्रवास एकत्र रद्द होत असेल, तर कन्फर्मवाल्यांनाही फक्त क्लर्केज कापून पूर्ण भाडं मिळतं. २०१५च्या परतावा नियमांत ही सवलत स्पष्ट दिलेली आहे, आणि अशा मिश्र तत्काळ तिकिटालाही ती लागू होते. वरच्या उदाहरणात चौघंही गेले नसते तर १,६०० मधून चार वेळा ६० म्हणजे २४० रुपये गेले असते आणि १,३६० हातात आले असते. तिकीट काढताना भरलेलं सुविधा शुल्क मात्र कोणत्याही वाटेने परत येत नाही.

यात अट वेळेची आहे. गाडी सुटायच्या वेळापत्रकातल्या वेळेआधी किमान ३० मिनिटं, सगळ्या प्रवाशांसाठी टीडीआर भरलेला असला पाहिजे. चार्ट लागल्यावर रद्द करायचं नेहमीचं बटण ऑनलाइन चालत नाही. ते चाललं नाही म्हणून लोक हातपाय गाळतात, "आता काही होत नाही" म्हणून मोबाइल बाजूला ठेवतात, आणि इथेच चूक होते. चार्टनंतरचा अर्ज म्हणजे टीडीआर.

ही ३० मिनिटं कुठून मोजायची? मी नेहमी गाडी जिथून निघते त्या स्थानकापासून मोजतो. गाडी नांदेडहून रात्री १०ला निघते आणि परभणीला ११ला येते असं समजा. मी साडेनऊच्या आत टीडीआर भरून मोकळा होतो. परभणीची वेळ धरून साडेदहापर्यंत थांबण्यात फायदा काही नाही, वाद उभा राहिला तर तोटा मात्र होतो. हैदराबादकडून येणाऱ्या गाडीत तर ती आपल्याकडे पोचायच्या कितीतरी तास आधी निघालेली असते, तिथे हा फरक फार मोठा पडतो. आणखी एक अडचण मध्यरात्रीच्या गाड्यांची. आयआरसीटीसीची वेबसाइट रोज रात्री ११:४५ ते १२:२० बंद असते. ज्यांची मुदत या वेळेच्या आसपास संपते त्यांनी संध्याकाळीच काम उरकावं.

आता वेळ तशी हाताशी असते. पूर्वी चार्ट गाडीच्या चार तास आधी लागायचा. जुलै २०२५ पासून तो आठ तास आधी आला आणि त्या वर्षअखेरीस आणखी आधी आणला गेला. त्यामुळे रात्रीच्या गाडीचं चित्र दुपारीच स्पष्ट होतं. घरात बसून विचार करायला, मोठ्यांना विचारायला पुरेसा वेळ मिळतो.

टीडीआर भरायची रीत अशी. वेबसाइटवर ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात शिरायचं आणि

```
My Account > My Transactions > File TDR
```

इथे जायचं. तो पीएनआर निवडायचा, प्रवाशांच्या नावांपुढे खूण करायची आणि कारण निवडायचं. कारणांची यादी लांबलचक आहे, घाईत पहिलंच कारण दाबलं जातं. कुणीच जाणार नसेल तर `Party Partially Confirmed/Waitlisted and All Passengers Did Not Travel` या अर्थाचं कारण शोधायचं आणि चारही नावांवर खूण आहे ना ते पुन्हा बघायचं. एक नाव सुटलं तर "सगळ्यांचा प्रवास रद्द" ही अटच मोडते आणि कन्फर्मवाल्यांचे पैसे अडकतात. शेवटी येणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा. त्यावरची वेळ हाच पुढे तुमचा पुरावा.

आता दुसरी वाट: काही जण जाणार, काही घरी राहणार. लोकांचे पैसे सर्वांत जास्त इथेच बुडतात, कारण काम घरी बसून होत नाही, गाडीत करावं लागतं.

नियम असा आहे की जे गेले त्यांनी टीटीईकडून "सोबतचे इतके वेटिंगवाले प्रवासी आलेले नाहीत" असं प्रमाणपत्र घ्यायचं. मग गाडी आपल्या उतरायच्या स्थानकावर प्रत्यक्ष पोचल्यापासून ७२ तासांच्या आत ऑनलाइन टीडीआर भरायचा, आणि मूळ प्रमाणपत्र पोस्टाने आयआरसीटीसीकडे पाठवायचं.

प्रमाणपत्र मागूनच का घ्यावं लागतं? टीटीई बर्थ तपासतो. कन्फर्म बर्थवर माणूस आला नाही तर ते त्याला लगेच दिसतं, कारण बर्थ मोकळा असतो आणि तो आरएसीवाल्याला द्यायचा असतो. वेटिंगवाल्याला बर्थच नाही, तर तो न आल्याचं दिसणार कसं? टीटीईच्या हातातल्या मशीनवर त्या नावांपुढे आपोआप काही उमटत नाही. आपण सांगायलाच हवं.

पुढच्या वर्षी ताई-दाजींवर पुन्हा तीच वेळ आली, तीच दोन कन्फर्म, दोन वेटिंग. या वेळी मी दाजींना निघतानाच सांगितलं होतं, आणि तरी ते संकोचत होते. "एवढ्या रात्री त्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, पोरांचे पैसे काय लाखाचे आहेत का?" मी म्हटलं, "दाजी, तिकीट तपासायला तो स्वतःच तुमच्यापर्यंत येतो, तेव्हाच सांगा. नंतर शोधत फिरू नका." टीटीई आले तसं दाजींनी सांगितलं, "साहेब, या पीएनआरवरची दोन मुलं आली नाहीत. रिफंडसाठी लिहून द्या." त्यांनी मशीनमध्ये नोंद केली आणि म्हणाले, झालं काम. दाजींनी तरीही कागद मागितला, तो जालन्याच्या आत मिळाला. कागद अगदी छोटा होता, पण त्यावर पीएनआर, गाडी क्रमांक, तारीख, न आलेल्यांची संख्या आणि सही एवढं सगळं होतं. यातलं एखादं राहिलं असेल तर तिथल्या तिथे भरून घ्यावं. सकाळ झाली की टीटीई बदललेला असतो आणि नवा टीटीई रात्रीचं लिहून देणार नाही.

सकाळी मुंबईत उतरल्यावर दाजींनी कागदाचा फोटो मला पाठवला. मी त्याच दुपारी टीडीआर भरला. या वेळी खूण फक्त दोन मुलांच्या नावांवर, आणि कारण वेटिंगवाले प्रवासी न गेल्याचं, म्हणजे `Waitlisted Passengers Did Not Travel` हा भाग असलेलं. मूळ कागदाची झेरॉक्स काढून ठेवली आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने पाठवली, पावती जपून ठेवली. हिशेब असा होता: दोघांचे ८००, त्यातून क्लर्केज १२०, येणं ६८०. पैसे यायला दीड महिन्यावर गेला, पण पूर्ण आले.

उशीर लागतो याची कल्पना असू द्या. टीडीआर म्हणजे परतावा मंजूर झाला असं नसतं. तो एक दावा असतो. आयआरसीटीसी तो संबंधित रेल्वेकडे पाठवते, तिथे चार्टशी आणि टीटीईच्या नोंदीशी ताडून बघतात, मग पैसे सुटतात. मध्येच घाबरून दुसऱ्यांदा अर्ज करू नये. त्याच खात्यात टीडीआरची सद्यस्थिती दिसते, ती आठवड्यातून एकदा बघितली तरी पुरे. फार लांबलं तर पीएनआर आणि टीडीआर भरल्याची तारीख टाकून etickets@irctc.co.in या पत्त्यावर लिहावं.

तिसरी शक्यता चौघांनीही दोन बर्थवर जायची. कमी अंतराला, म्हणजे परभणीहून संभाजीनगरपर्यंत, लोक असंच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण मग वेटिंगवाल्यांचे पैसे मागायचे नाहीत, प्रवास झालेला आहे.

चार्ट लागायच्या आधीची एक चूकही सांगायलाच हवी, कारण तिचा फटका याच मिश्र तिकिटांना बसतो. बेत बदलल्यावर काही जण फक्त कन्फर्म झालेली नावं निवडून रद्द करतात, वेटिंगवाली राहू देतात, "ती तर आपोआप गळतील" म्हणून. असं केलं की कन्फर्म नावांना कन्फर्मचाच नियम लागतो आणि प्रवासाचा दिवस जितका जवळ तितकी मोठी रक्कम कापली जाते. तेच सगळं तिकीट एकदम रद्द केलं असतं तर माणशी ६० रुपयांवर भागलं असतं. कुणीच जाणार नसेल तर नावं वेगळी काढत बसू नका, अख्खा पीएनआर रद्द करा.

काही जण जाणारच आहेत आणि बाकीच्यांचं वेटिंग हलत नाही, हे चार्टच्या आधीच दिसत असेल, तर मात्र फक्त वेटिंगवाली नावं ऑनलाइन रद्द करून टाकावीत. क्लर्केज तेवढंच कापलं जातं, पैसे लवकर येतात, टीटीईकडे कागद मागायची वेळच येत नाही. शेवटपर्यंत आशेवर राहून मुलांची नावं ठेवायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्याकडे आता चार्टच्या आदल्या संध्याकाळी वेटिंग दहाच्या वर असेल तर आम्ही नावं काढून टाकतो.

तिकीट काढतानाच दोन गोष्टी सांभाळल्या तर पुढचा बराच त्रास वाचतो. वेटिंगचे क्रमांक अर्जातल्या नावांच्या क्रमाने लागतात: पहिल्याला ११, दुसऱ्याला १२, असे. तिकीटही वरून खाली कन्फर्म होत येतं. म्हणून ज्याला जाणं भागच आहे त्याचं नाव सर्वांत वर टाका. आमच्याकडे सवयीने घरातल्या मोठ्याचं नाव आधी आणि पेशंटचं शेवटी लिहिलं जायचं. मग मोठे कन्फर्म आणि पेशंट वेटिंगवर, असं दोनदा झालं.

दुसरी गोष्ट, एकच पीएनआर काढायचा की दोन? आई आणि मुलगा जाणारच आहेत, बाकीचे दोघं मिळालं तर जातील, असं असेल तर मी आता दोन पीएनआर काढतो. दुसरा पीएनआर वेटिंगवर राहिला तर तो गळतो, पैसे आपोआप येतात, कागद नको, टीडीआर नको. पण त्या दोघांना त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. एका पीएनआरवर असते तर निदान बर्थशिवाय चढता आलं असतं. म्हाताऱ्या माणसासोबत कुणीतरी असायलाच हवं, अशा प्रवासाला मी एकच पीएनआर ठेवतो.

तिकीट एजंटकडून किंवा गावातल्या सेवा केंद्रातून काढलं असेल तर आणखी एक पायरी वाढते. परतावा ज्या खात्यातून पैसे भरले गेले तिथे जातो, म्हणजे त्याच्या खात्यात. टीडीआरही त्याच्याच खात्यातून भरावा लागतो, तुमच्या मोबाइलवरून नाही. म्हणून वेटिंगचं तिकीट घेतानाच त्याला विचारून ठेवा की रात्री आठला फोन केला तर टीडीआर भरून देणार का. अधिकृत एजंटच्या तिकिटावर पैसे परत आले की प्रवाशाच्या मोबाइलवर रक्कम आणि ओटीपी येतो. तो ओटीपी पैसे हातात पडल्यावरच सांगायचा. त्यासाठी तिकिटावर तुमचाच मोबाइल नंबर हवा; दुकानदाराचा नंबर टाकलेला असेल तर पैसे आले की नाही हे तुम्हाला कधी कळणारच नाही.

खिडकीवरचं कागदी तिकीट असेल तर यातलं "आपोआप" काहीच चालत नाही. सगळे वेटिंगवर राहिले तरी गाडीच्या ३० मिनिटं आधी खिडकीवर तिकीट जमा करावं लागतं.

राहिला प्रश्न गाडी लेट झाल्याचा. आपल्याकडे एकेरी मार्गाच्या टप्प्यात एक गाडी अडली की मागच्या साऱ्या खोळंबतात. गाडी आपल्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर कन्फर्म, आरएसी, वेटिंग सगळ्यांना पूर्ण भाडं परत आहे, क्लर्केजही कापत नाहीत. तिथे टीडीआरची मुदत वेगळी असते: गाडी प्रत्यक्षात सुटायच्या आत. कारण निवडताना `Train Late More Than Three Hours and Passenger Not Travelled` हेच घ्यायचं, आणि गाडी किती लेट आहे ते दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवायचा. मिश्र तिकीट असलं तरी त्या दिवशी हे कारण जास्त फायद्याचं, चौघांमागे २४० रुपये वाचतात.